पक्षाघातानंतर पहिला घोट कधी द्यायचा : अण्णांची गिळण्याची तपासणी आणि घरचं भरवणं

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ९ जानेवारीला पहाटे पक्षाघात झाला. वय ७६. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी, त्यामुळे डावा हात-पाय लुळा, तोंडाची डावी बाजू उतरलेली आणि बोलणं जड. मी स्वतः परिचारिका आहे, गिळण्याचा त्रास असलेले रुग्ण वॉर्डात रोज असतात. तरीही घरचं माणूस "पाणी, पाणी" म्हणत असताना पेला हातात घेऊन न देणं फार जिवावर येतं. म्हणून बाकी उपचारांचं सोडून फक्त गिळण्याबद्दल लिहिते आहे. दवाखान्यातून घरी सोडताना हाच भाग सगळ्यात घाईत सांगितला जातो.

पक्षाघातानंतर पहिल्या काही दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळण्याची अडचण असते. त्यातल्या पुष्कळ जणांची दोन-तीन आठवड्यांत बरीच सुधारते. आपण आवंढा गिळतो तेव्हा कंठमणी वर आणि पुढे सरकतो, श्वासनलिकेचं तोंड मिटतं आणि घास मागच्या अन्ननलिकेत उतरतो. कंठमण्यावर बोट ठेवून गिळलंत तर ही हालचाल बोटाला लागते. पक्षाघातात हे सगळं होतं, पण उशिरा आणि ढिलं होतं. मऊ खिचडीचा घास जिभेवरून हळू सरकतो, त्यामुळे घशाला थोडा वेळ मिळतो. पाणी मात्र श्वासनलिका मिटायच्या आधीच तिच्या तोंडाशी पोहोचतं. म्हणून अशा रुग्णाला सगळ्यात धोक्याचं काय, तर साधं पाणी. नातेवाईक मात्र नेमकं तेच आधी द्यायला बघतात. दोन चमचे पाणी, थोडं शहाळं, देव्हाऱ्यातलं तीर्थ.

त्यामुळे तपासणी होईपर्यंत अण्णांना तोंडाने काहीही नव्हतं, गोळीसुद्धा नाही. शरीराला लागणारं पाणी सलाईनमधून जात होतं. ओठ सुकू नयेत म्हणून व्हॅसलीन, आणि ओला करून घट्ट पिळलेला गॉजचा तुकडा तोंडातून फिरवायचा. पिळलेला हा शब्द महत्त्वाचा. थेंब गळणारा गॉज म्हणजे पाणी पाजणंच झालं.

त्याच दिवशी दुपारी खाटेशेजारी पहिली तपासणी झाली. आमच्या दवाखान्यात 'गस' नावाची पद्धत वापरतात. ऑस्ट्रियातल्या गुगिंग गावच्या रुग्णालयात ती तयार झाली. एकूण २० गुण, पाच-पाच गुणांचे चार टप्पे, आणि एका टप्प्यात पाचपैकी पाच मिळाले नाहीत तर तिथेच थांबायचं. पहिल्या टप्प्यात अन्न किंवा पाणी वापरतच नाहीत. रुग्ण पंधरा मिनिटं जागा राहतो का, सांगितल्यावर दोनदा जोरात खोकतो किंवा घसा साफ करतो का, स्वतःचा आवंढा गिळतो का, लाळ गळते का, आवाज ओला-घोगरा झालाय का, एवढंच बघतात. अण्णा दोन वाक्यांतच डोळे मिटत होते आणि डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. तपासणी तिथेच थांबली. झोपाळलेल्या माणसाला भरवायचं नाही, हा नियम आहे आणि तो घरीही तसाच पाळायचा. जेवणाची वेळ झाली म्हणून पेंगणाऱ्याला उठवून घास देऊ नका. पूर्ण जागा होऊ द्या, मग जेवण.

दुसऱ्या दिवशी नाकातून नळी घातली, तिला राईल्स ट्यूब म्हणतात. नळी किती आत घालायची ते नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजतात. नाकपुडीशी येणाऱ्या भागावर पेनने खूण करतात. ती जागेवर आहे याची खात्री नळीतून ओढलेल्या पोटातल्या द्रवाचा पीएच बघून किंवा एक्स-रे काढून करायची असते. पीएच ५.५ किंवा त्याहून कमी हवा. पित्ताची औषधं चालू असतील तर पीएचवर भरवसा ठेवता येत नाही, मग एक्स-रेच. हवा सोडून पोटावर 'फुस्स' ऐकायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी चालते. तेवढ्यावर समाधान मानू नका, कारण नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. एक गैरसमजही इथेच दूर करते. नळी घातली म्हणजे ठसक्याचा धोका संपला असं होत नाही. लाळ घशातूनच उतरते आणि पोटातलं वरही येतं. म्हणून नळीतून देताना आणि नंतर किमान अर्धा तास खाटेची डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी. अण्णांना एका वेळी साधारण २०० मिली, पंधरा-वीस मिनिटांत, सिरिंज वर धरून आपोआप उतरेल असं देत होतो, दट्ट्या दाबून नाही. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. नळी तुंबायची दोनच कारणं आम्हाला दिसली, नीट न कुटलेल्या गोळ्या आणि न गाळलेलं सूप.

१२ जानेवारीला अण्णा टक्क जागे होते. तपासणी पुन्हा पहिल्यापासून झाली. या वेळी पहिल्या टप्प्याचे पाचही गुण मिळाले. दुसऱ्या टप्प्यात पाणी घट्ट करून पुडिंगसारखं केलं होतं. आधी अर्ध्या चमच्याहून कमी, त्रास दिसला नाही म्हणून आणखी काही चमचे. कंठमणी दर वेळी वर जात होता, ठसका नाही, लाळ नाही. पाच गुण. मग साधं पाणी, ३ मिली, नंतर ५ मिली. इथे काय झालं ते नीट सांगते, कारण घरी हेच ओळखता आलं पाहिजे. अण्णांना ठसका लागला नाही. चेहऱ्यावर काहीच नाही. गिळायला मात्र दोन-तीन सेकंद लागले, आणि तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "काका, आता 'आऽऽ' म्हणा बरं." आवाज आला तो पाण्याखालून बोलल्यासारखा, गुरगुरता. म्हणजे पाणी स्वरयंत्राच्या तोंडावर बसलं होतं आणि तरी शरीराने खोकून ते बाहेर काढलं नव्हतं. उशिरा गिळल्याचा एक गुण गेला, आवाज बदलल्याचा एक गेला, या टप्प्याचे तीन. एकूण १३. दहा ते चौदा म्हणजे मध्यम त्रास. घट्ट, एकजीव अन्न चमच्याने, पातळ पदार्थ घट्ट करूनच, आणि उरलेली भर नळीतून.

न खोकता श्वासनलिकेत जाणं, यालाच मूक ठसका म्हणू. घशाची संवेदना बोथट झालेली असते, त्यामुळे खोकल्याची घंटा वाजतच नाही. "त्यांना कधी ठसका लागत नाही हो" हे वाक्य म्हणूनच पुरेसं नाही. घशाला बोट किंवा चमचा लावून उमाळा येतो का हे बघणंही पुरेसं नाही. पुष्कळ धडधाकट माणसांना तो येत नाही, आणि येणाऱ्यांचंही गिळणं बिघडलेलं असू शकतं. घरी दर दोन-चार घासांनी एक शब्द बोलायला लावणं हीच सोपी खूण. आवाज ओला वाटला तर थांबा, घसा खाकरायला सांगा, पुन्हा आवंढा गिळायला लावा.

खाटेशेजारच्या तपासणीत घशाच्या आतलं दिसत नाही. म्हणून न्यूरॉलॉजिस्टनी व्हिडिओफ्लुरोस्कोपी सांगितली. ही गिळतानाची चालती एक्स-रे फिल्म असते, अन्नात बेरियम मिसळून दिलेलं असतं. आमच्या शहरात एकाच ठिकाणी सोय, आठवड्यातून ठराविक वारी, म्हणून आठवडाभर थांबावं लागलं. शुल्क साडेचार हजार, रुग्णवाहिकेचं भाडं वेगळं. जिथे ही सोय नाही तिथे कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणं बघतात, तीही चांगली तपासणी आहे. जाताना आधीचा तपासणी-कागद, नळीची माहिती आणि चालू औषधांची यादी सोबत ठेवा. आणि रोजच्या जेवणातला एखादा पदार्थ डब्यात न्या. आम्ही मऊ खिचडी नेली होती, ती बेरियम लावून तपासली म्हणून घरी काय द्यायचं याचं थेट उत्तर मिळालं.

फिल्ममध्ये पातळ पाणी गिळणं सुरू व्हायच्या आधीच घशात सांडून श्वासनलिकेत गेलेलं दिसलं, खोकला नाही. थोडा घट्ट केलेला द्रव हनुवटी छातीकडे झुकवून दिला तेव्हा तो नीट उतरला. खिचडीचा थोडा भाग घशाच्या डाव्या बाजूला साचत होता, मान डावीकडे वळवून पुन्हा गिळल्यावर तो साफ झाला. मान अशक्त बाजूला वळवली की ती बाजू मिटते आणि घास चांगल्या बाजूने जातो, हे त्यामागचं कारण. हनुवटी झुकवणं मात्र सरसकट सगळ्यांना लागू नाही. ज्यांच्या घशात गिळून झाल्यावर खाली अन्न साचतं, त्यांचं हनुवटी झुकवल्यावर ते श्वासनलिकेत ओघळू शकतं. अण्णांची पद्धत शेजारच्या आजोबांवर वापरू नका, त्यांची तपासणी वेगळी व्हायला हवी.

रिपोर्टवर 'पातळी २' लिहून आली. द्रवाच्या घट्टपणाच्या या आंतरराष्ट्रीय पातळ्या आहेत, ० म्हणजे पाणी, ४ म्हणजे चमचा उलटा केल्यावर गोळा पडेल असं. घट्टपणा अंदाजाने ठरवू नये, कारण रोज वेगळा हात वेगळं करतो. त्यासाठी १० मिलीची सुई नसलेली सिरिंज लागते, शून्यापासून १० च्या खुणेपर्यंतचं अंतर ६१.५ मिलिमीटर असलेली. पट्टीने मोजून घ्या, सगळ्या सिरिंजा तशा नसतात. दट्ट्या काढायचा, टोकाला बोट लावून १० मिली भरायचं, बोट सोडून १० सेकंद मोजायचे आणि पुन्हा बोट लावायचं. ४ ते ८ मिली उरलं तर पातळी २, १ ते ४ उरलं तर १, आणि ८ पेक्षा जास्त उरलं तर ३. आमच्या स्वयंपाकघरात ही सिरिंज चहाच्या गाळणीशेजारी टांगलेली असते.

घट्ट करायची पावडर दोन प्रकारची मिळते. स्टार्चची स्वस्त, पण लाळ लागली की ती विरघळून पातळ होते आणि तसंच ठेवलं तर आणखी घट्ट होत जाते. झँथन गमची महाग, पण लाळेने बिघडत नाही. आम्ही दुसरी घेतली, सव्वाशे ग्रॅमचा डबा हजार-बाराशेच्या घरात. दुधात आणि चहात ती घट्ट व्हायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. घट्ट होईना म्हणून लगेच आणखी चमचा टाकला की पाच-दहा मिनिटांनी चमच्याला चिकटेल असा गोळा होतो. थांबा, मग सिरिंजने बघा. भाताची पेज हीसुद्धा स्टार्चच. वाटीत तोच चमचा बुडवत राहिलं की शेवटचे घास पातळ झालेले असतात, म्हणून पेज छोट्या वाटीत थोडी थोडी काढायची. स्टार्चच्या पावडरीत बद्धकोष्ठाचं पॉलिथिलीन ग्लायकॉल असलेलं औषध मिसळू नका, मिश्रण एकदम पाण्यासारखं होतं.

आता बसवण्याबद्दल, कारण माझ्या मते अर्धं काम तिथेच होतं. लोडाला टेकून पाय पसरलेला माणूस हळूहळू घसरतो आणि हनुवटी वर येते, म्हणजे घसा नेमका नको तसा उघडतो. अण्णांना आम्ही हात असलेल्या लाकडी खुर्चीत बसवतो. बूड पार मागे टेकलेलं, कंबर नव्वद अंशात, दोन्ही तळवे जमिनीवर टेकलेले, पाय पोचत नसतील तर खाली पाट. अंग डावीकडे कलतं म्हणून डाव्या कुशीला गुंडाळलेला टॉवेल, डावा हात समोर टेबलावर उशीवर. खाटेवरच भरवायची वेळ आली तर डोक्याची बाजू शक्य तितकी उभी करायची आणि आधी माणसाला वर ओढून घ्यायचं, कारण खाटेचा सांधा कमरेशी आला पाहिजे, पाठीशी नाही.

भरवणाऱ्याने उभं राहायचं नाही. समोर, डोळ्याला डोळा येईल इतक्या उंचीवर बसायचं. उभ्याने चमचा वरून येतो आणि रुग्ण मान वर करून तो घेतो. अण्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नव्हतं, म्हणून मी थोडी उजवीकडे बसायची आणि चमचा उजव्या कोपऱ्यातून जिभेच्या मध्यावर ठेवायची, थोडा दाब देऊन. लहान चमचा, अर्धा भरलेला. ओठ मिटले की चमचा सरळ बाहेर, वरच्या दातांना घासून नाही. मग "खाली बघा, गिळा", कंठमणी वर गेलेला दिसला की "मान डावीकडे, पुन्हा गिळा". दुसऱ्यांदा गिळून होईपर्यंत पुढचा चमचा वाटीतच. चार-पाच घासांनी "आऽऽ". शेवटी बॅटरी लावून डावा गाल बघायचा. तिथे हमखास घास अडकलेला असतो आणि रुग्णाला तो जाणवत नाही. सुरुवातीला एका जेवणाला पाऊण तास लागायचा. अर्ध्या तासानंतर दमल्यासारखं दिसलं तर थांबायचो, दमलेला घसा आणखी ढिला पडतो. टीव्ही बंद, गप्पा बंद. जेवणानंतर अर्धा तास बसूनच.

नळीची चोच असलेला कप आणि स्ट्रॉ दोन्ही आम्ही टाळले. चोचीच्या कपाने मान मागे जाते, स्ट्रॉने एका दमात किती आत येतं ते कळत नाही. रुंद तोंडाची छोटी वाटी सगळ्यात बरी, भरलेली असली की मान वर करावी लागत नाही.

खाण्यात गोंधळ होतो तो दोन पोत एकत्र असलेल्या पदार्थांचा. साबुदाण्याची खीर, पातळ आमटीत कुस्करलेली पोळी, चहात बुडवलेलं बिस्किट, ताकातला भात. पातळ भाग आधी घशात पळतो आणि घट्ट भाग अजून तोंडातच असतो. मऊ आहे म्हणून सुरक्षित, असं समजू नका. कुल्फी आणि आइस्क्रीमही तोंडात वितळून पाणीच होतं. अण्णांना चाललं ते असं : मिक्सरमधून काढलेली मूगडाळीची खिचडी तुपासह, गुठळी नसलेलं घट्ट पिठलं, नाचणीची घट्ट खीर, मऊ रव्याचा शिरा, पाणी काढून टाकलेलं घोटलेलं दही, पिकलेलं केळं कुस्करून. पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, कोरडी भाकरी आणि सालीसकट द्राक्षं बंद.

तोंडाची स्वच्छता मी जेवणाइतकीच महत्त्वाची मानते. थोडी लाळ श्वासनलिकेत जाणारच. ती घाण असली तर न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो. दोन वेळा मऊ ब्रशने दात, जीभ, टाळू. पेस्ट हरभऱ्याएवढी, फेस गॉजने टिपून घ्यायचा, चूळ भरायला लावायची नाही. कवळी रात्री काढून ठेवायची, नळी असली तरी हे सगळं करायचं.

गोळ्यांबद्दल डॉक्टरांना एकेक नाव घेऊन विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या बीपीच्या गोळ्या आणि आवरण असलेली अ‍ॅस्पिरिन कुटायची नसते. अण्णांची अ‍ॅस्पिरिन पाण्यात विरघळणाऱ्या प्रकारात बदलून मिळाली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी ताप आला. ठसका लागल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. श्वास पूर्ण मिनिटभर मोजले, २८ भरले, एरवी अठराच्या आसपास असायचे, आणि दुपारपासून झोप जास्त होती. त्याच रात्री दाखवलं, उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात संसर्ग निघाला, अँटिबायोटिकने आटोक्यात आला. ताप, वाढलेला श्वास, नवी सुस्ती, जेवणानंतर गुरगुरणारी छाती, यातलं काहीही दिसलं तर तोंडाने देणं थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. लघवी गडद पिवळी आणि कमी होऊ लागली तर घट्ट केलेलं पाणी पुरेसं जात नाहीये असं समजा. ते चवीला बरं लागत नाही आणि लोक कमी पितात. आम्ही मोजून लिहून ठेवायचो, आणि कमी पडलं तेवढं नळीतून.

नळी काढायची आमच्या डॉक्टरांची अट होती की लागणाऱ्या अन्न-पाण्यापैकी तीन-चतुर्थांश तरी सलग काही दिवस तोंडाने गेलं पाहिजे, आणि वजन टिकलं पाहिजे. फेब्रुवारीच्या शेवटी नळी निघाली. लवकर निघण्यासारखी नसती तर पोटातून थेट नळीचा विचार करायचा, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. एप्रिलमध्ये ९० मिली पाण्याची चाचणी झाली, न थांबता सलग प्यायचं आणि ठसका किंवा ओला आवाज यायला नको. अण्णा मध्येच थांबले, म्हणजे पास नाही. मे महिन्यातल्या चाचणीत पास झाले. आता पाणी साधंच, पण हनुवटी झुकवून आणि बसूनच. शेंगदाणे आणि चिवडा अजून बंद आहे.

घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्टची फी एका भेटीला ८०० रुपये होती. भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असलेली व्यक्तीच घ्या आणि तो क्रमांक बिलावर लिहून घ्या. डिस्चार्जनंतरच्या ठराविक दिवसांचा खर्च काही पॉलिसींत मिळतो, पण विमा कंपनीने आमच्याकडे डॉक्टरांचा लेखी सल्ला आणि क्रमांकासह बिल दोन्ही मागितलं. पावडरीचा डबा आणि सिरिंजा नाकारल्या. डिस्चार्ज कार्डावर गिळण्याची अडचण, द्रवाची आणि अन्नाची पातळी, मानेची स्थिती आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून घेतल्याशिवाय निघू नका. पुन्हा कधी दाखल व्हावं लागलं तर रात्रपाळीच्या सिस्टरला हा एकच कागद आधी दाखवा, म्हणजे गोळ्या पाण्याच्या पेल्याबरोबर पुढे येणार नाहीत.